आवाज मागे आहे की चित्र मागे? टीव्ही आणि साउंडबारचा मेळ बसवताना

टीव्हीला साउंडबार किंवा बाहेरचे स्पीकर जोडल्यावर ओठ हलतात एकीकडे आणि शब्द ऐकू येतात दुसरीकडे, ही तक्रार वरचेवर ऐकायला मिळते. त्यावर बहुतेक जण करतात ते असं: सेटिंग्जमध्ये शिरायचं, Audio Delay किंवा Lip Sync नावाची पट्टी शोधायची आणि ती हळूहळू वाढवत न्यायची. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. आवाज आधीच मागे होता, तो आणखी मागे गेला.

ती पट्टी नेमकं काय करते, हे कळलं की बाकीचा गुंता बराचसा सुटतो. ती आवाज थोडा वेळ अडवून धरते आणि मग सोडते. बस्स, इतकंच. आवाज पुढे खेचायची ताकद तिच्यात नाही, कारण साउंडबारपर्यंत जो आवाज अजून पोचलेलाच नाही तो आधी कसा वाजवणार? म्हणजे आवाज चित्राच्या आधी येत असेल तरच ही पट्टी वाढवून उपयोग होतो. आवाज चित्राच्या मागून येत असेल तर ती शून्यावर आणायची आणि उशीर कुठे होतोय ते दुसरीकडे शोधायचं. म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी एकच प्रश्न सोडवून घ्या: मागे कोण आहे, आवाज की चित्र?

पायरी पहिली: दोष तुमच्या जोडणीत आहे का?

आधी साउंडबार बंद करा आणि टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर तोच कार्यक्रम, तोच प्रसंग पाहा. टीव्हीच्या आतलं चित्र आणि आतला आवाज कंपनीने एकमेकांशी जुळवून दिलेले असतात, त्यामुळे तिथे मेळ बसलेला दिसायला हवा. तिथेही ओठ आणि शब्द फारकत घेत असतील तर दोष प्रक्षेपणात आहे, त्या ॲपमध्ये आहे किंवा त्या फाइलमध्ये आहे. एखाद्याच वाहिनीवर असं होत असेल तर आपल्या सेटिंग्जना हात लावू नका. त्या वाहिनीसाठी जुळवाल आणि बाकी सगळ्या बिघडवाल.

अजून एक वेगळा प्रकार ओळखून ठेवा. सुरुवातीला सगळं बरोबर असतं, पण अर्ध्या तासाने आवाज सरकलेला असतो आणि मग सरकतच जातो. हा ठरावीक उशीर नाही, त्यामुळे कुठलाही आकडा भरून तो जाणार नाही. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरीही तसंच होत असेल तर टीव्ही रिमोटने बंद करून भागत नाही, प्लग काढून मिनिटभराने परत लावा. या लेखातले पुढचे उपाय आहेत ते कायम तेवढ्याच अंतराने मागे किंवा पुढे राहणाऱ्या आवाजासाठी.

पायरी दुसरी: डोळ्यांनी पारख

शाळेत वर्णमाला शिकताना प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजनं म्हणून शिकवली जातात. इथे तीच कामाला येतात. यातलं कुठलंही अक्षर ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाही आणि 'प' किंवा 'ब' ऐकू येतो तो ओठ उघडण्याच्या क्षणी. कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलणारा माणूस निवडा, बातम्या देणारा निवेदक असला तर उत्तम. त्याच्या ओठांवर नजर ठेवा आणि 'बातमी', 'पाऊस', 'मुंबई' असे शब्द येण्याची वाट बघा. ओठ उघडून गेल्यावर 'ब' ऐकू आला तर आवाज मागे आहे. ओठ अजून मिटलेलेच असताना 'ब' वाजून गेला तर आवाज पुढे आहे.

डब केलेला चित्रपट यासाठी चुकूनही घेऊ नका. त्यात शब्द मुळातच दुसऱ्या भाषेच्या ओठांवर बसवलेले असतात, तिथे तुमचं यंत्र कितीही बरोबर असलं तरी जुळणार नाही. गाण्यांचे प्रसंगही टाळा, कारण कलाकार आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यावर ओठ हलवत असतो आणि ते कधीकधी मुळातच थोडे इकडेतिकडे असतात.

आवाज पुढे असणं आणि मागे असणं या दोन्ही गोष्टी माणसाला सारख्या खटकत नाहीत. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे एक मीटर जायला त्याला जवळपास 3 मिलिसेकंद लागतात. प्रकाश मात्र लगेच पोचतो. त्यामुळे दिसतं आधी आणि ऐकू येतं नंतर याची आपल्याला जन्मापासून सवय आहे, उलटं मात्र निसर्गात कधी घडतच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या BT.1359 या शिफारशीत हेच आकड्यांत आलं आहे: आवाज 45 मिलिसेकंद पुढे असला की प्रेक्षकाच्या लक्षात यायला लागतं, मागे असेल तर मात्र 125 मिलिसेकंदांपर्यंत सहसा चालून जातं. हे सरासरी प्रेक्षकाचे आकडे आहेत. एकदा का कुणाचं या दोषाकडे लक्ष गेलं की त्याला 125 च्या बरंच खालीही तो खुपू लागतो. पण यातून एक व्यवहारी गोष्ट घ्यायची: अगदी शून्य गाठायचा हट्ट नको आणि चूक राहणारच असेल तर ती आवाज किंचित मागे असण्याच्या बाजूला राहू द्या.

पायरी तिसरी: फोनने मोजा

डोळ्यांनी दिशा कळते, अंतर कळत नाही. पट्टी दोन घरं सरकवली, आता बरं वाटतंय की तसं आपल्याला वाटतंय, या घोळात संध्याकाळ जाते. फोनचा कॅमेरा हे काम दहा मिनिटांत करतो.

टीव्हीच्या यूट्यूबवर audio video sync test असं शोधा. पडद्यावर काहीतरी लख्खकन चमकतं आणि त्याच क्षणी 'टिक' असा आवाज होतो, अशा बऱ्याच चित्रफिती तिथे आहेत. एखादी लावा. फोनच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ सेकंदाला 60 फ्रेम्सवर ठेवा. तुम्ही जिथे बसता तिथेच, डोक्याच्या उंचीवर फोन स्थिर ठेवा आणि दहा-बारा टिका येईपर्यंत रेकॉर्ड करा. हातात धरू नका, खुर्चीच्या पाठीवर टेकवला तरी पुरे.

मग ते रेकॉर्डिंग अशा ॲपमध्ये उघडा, जिथे चित्र एकेक फ्रेमने पुढे सरकवता येतं आणि खाली आवाजाची लहर दिसते. संगणकावर Shotcut हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला छान आहे. बाणाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते आणि टाइमलाइनवर लहर दिसते. जिथे चमक पहिल्यांदा दिसते ती फ्रेम लिहा. जिथे लहर एकदम उभी राहते तिथली फ्रेम लिहा. दोघींमधल्या फ्रेम्स मोजा. सेकंदाला 60 फ्रेम्स म्हणजे एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. फोनच्या रेकॉर्डिंगमध्येही चित्र आणि आवाज तंतोतंत जुळलेले असतीलच असं नाही. त्यामुळे आधी फोनचीच परीक्षा घ्या. हातभर अंतरावर फोन ठेवून समोर टाळ्या वाजवा, रेकॉर्ड करा आणि हात एकमेकांना भिडलेली फ्रेम व लहर उठलेली फ्रेम मोजा. माझ्या फोनमध्ये आवाज एक फ्रेम मागे निघाला, म्हणून टीव्हीच्या प्रत्येक मोजमापातून मी एक फ्रेम वजा करतो. फोनमध्ये आवाज पुढे निघाला तर तेवढ्या फ्रेम्स मिळवायच्या.

टीव्ही आणि कॅमेरा आपापल्या ठेक्यावर चालतात, त्यामुळे एखाद्या टिकेला उत्तर एका फ्रेमने इकडेतिकडे येणारच. पाच टिका मोजा आणि त्यातलं मधलं उत्तर धरा. एवढी अचूकता या कामाला भरपूर झाली.

एक उदाहरण, आकड्यांसकट

माझा साउंडबार टीव्हीच्या ARC लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला जोडलेला आहे आणि कार्यक्रम टीव्हीतल्याच ॲपवर चालतात. ही सध्या सगळ्यात जास्त आढळणारी जोडणी असावी, म्हणून तीच घेतो. पहिल्या मोजमापात पाचही टिकांना आवाज मागे होता. मधलं उत्तर 11 फ्रेम्स, त्यातून फोनची एक गेली, उरल्या 10. म्हणजे साधारण 167 मिलिसेकंद. हे कुणालाही खटकेल.

मग उशीर कुठे साठतोय ते टीव्हीपासून साउंडबारपर्यंत एकेक टप्पा तपासत गेलो. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच सेटिंग बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजायचं.

सगळ्यात आधी अडवून धरणाऱ्या पट्ट्या शून्यावर आणल्या. अशी पट्टी दोन ठिकाणी असू शकते, टीव्हीत आणि साउंडबारमध्ये, आणि दोन्हींची बेरीज होते. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंग्जमध्ये तिला कंपनीनुसार Digital Output Audio Delay, AV Sync Adjustment किंवा A/V sync असं काहीतरी नाव असतं. साउंडबारवर ती Audio Sync, Audio Delay किंवा Lip Sync या नावाने सापडते. टीव्हीवर माझा आकडा शून्यच होता. साउंडबारवर मात्र मी पूर्वी वाढवून ठेवलेला 50 चा आकडा तसाच होता. तो शून्य केल्यावर 10 च्या 7 फ्रेम्स झाल्या, म्हणजे 50 मिलिसेकंद जागच्या जागी परत मिळाले.

दुसरा टप्पा आवाजाच्या स्वरूपाचा. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये Digital Output Audio Format किंवा Digital audio out अशी एक नोंद असते. तिथे Auto, Dolby Digital, Pass Through आणि PCM असे पर्याय असतात. नवख्या माणसाला यातला फरक कळत नाही आणि तो कळण्यासारखा आहे. पीसीएम म्हणजे उघडा, मोकळा आवाज: साउंडबारला तो मिळाला की लगेच वाजवता येतो. डॉल्बी डिजिटल म्हणजे गठ्ठे बांधून पाठवलेला आवाज. एका गठ्ठ्यात आवाजाचे 1536 नमुने असतात आणि सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या वेगाने तेवढे जमायला 32 मिलिसेकंद लागतात. साउंडबारने गठ्ठा घ्यायचा, सोडायचा आणि मग वाजवायचा. त्यातही ॲपचा मूळ आवाज वेगळ्या स्वरूपात असेल तर टीव्ही आधी तो उघडतो आणि डॉल्बी डिजिटलचे नवे गठ्ठे बांधून साउंडबारकडे धाडतो. बांधायला वेळ, सोडायला वेळ, असा दुहेरी भुर्दंड पडतो.

माझं सेटिंग Dolby Digital वर होतं. ते PCM केलं आणि 7 च्या 4 फ्रेम्स झाल्या, म्हणजे साधारण 67 मिलिसेकंद. पट्टी शून्य केल्यावर पडला तेवढाच मोठा फरक इथे पडला, म्हणून आवाज मागे असेल तर पट्टीनंतर ताबडतोब इकडेच या, असं मी सांगेन.

याची किंमतही सांगायला हवी. साध्या ARC वरून किंवा ऑप्टिकल वायरीवरून PCM पाठवलं तर फक्त डावा आणि उजवा असे दोनच प्रवाह जातात. माझ्या साउंडबारला मागचे स्पीकर नाहीत, त्यामुळे मला काही गमवावं लागलं नाही. तुमच्याकडे मागे स्पीकर असतील तर चित्रपटाचा चहूबाजूंनी येणारा खरा आवाज मिळणार नाही. मग Pass Through करून पाहा. त्यात टीव्ही आवाजाला हात न लावता जसाच्या तसा पुढे पाठवतो, त्यामुळे गठ्ठे सोडण्याचा वेळ लागतो पण नव्याने बांधण्याचा वाचतो. टीव्ही आणि साउंडबार दोन्हींवर ARC ची नवी आवृत्ती eARC असेल तर ही अडचण बरीच हलकी होते, कारण त्यातून अनेक प्रवाहांचा मोकळा आवाजही जाऊ शकतो.

तिसरा टप्पा साउंडबारच्या आतला. Surround, Movie, Virtual अशा नावांच्या मोडमध्ये साउंडबार आवाजावर बरीच आकडेमोड करतो. Standard किंवा Music वर आणल्यावर आणखी एक फ्रेम कमी झाली. उरल्या 3 फ्रेम्स, म्हणजे 50 मिलिसेकंद. मी साउंडबारपासून 3 मीटरवर बसतो, त्यातले सुमारे 9 मिलिसेकंद नुसते हवेतून येण्यात जातात. तिथे थांबलो. निवेदकाचा 'ब' आता ओठांतूनच निघाल्यासारखा वाटतो आणि घरातल्या कुणालाही फरक ओळखता येत नाही.

आवाज मागेच राहिला तर चित्र थांबवा

वरचं सगळं करूनही आवाज ठळकपणे मागे राहिला तर एक उलटा विचार करावा लागतो. आवाज पुढे आणता येत नाही, पण चित्र मागे नेता येतं.

टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मधल्या फ्रेम्स तयार करणं, दाणे काढणं, कडा उठावदार करणं अशी बरीच कामं तो करतो. मधली फ्रेम तयार करायची तर पुढची फ्रेम हातात यावी लागते, म्हणजे थांबणं आलंच. Game Mode लावला की टीव्ही ही बरीचशी कामं सोडून देतो आणि चित्र लवकर दाखवतो. गेम खेळताना बटण दाबल्याबरोबर पडद्यावर हालचाल दिसावी म्हणून तो असतो.

आता समजा सेट-टॉप बॉक्स ज्या एचडीएमआय पोर्टला आहे, त्या पोर्टवर कधीतरी खेळायला कन्सोल लावला होता आणि Game Mode तसाच राहून गेला. चित्र लवकर येतं, आवाज नेहमीच्या वेळी येतो आणि आवाज मागे पडल्यासारखा दिसतो. टीव्हीतल्या ॲपवर सगळं ठीक आणि फक्त त्या एका पोर्टवर आवाज मागे, असं दिसलं तर पहिला संशय याचाच घ्या. त्या पोर्टवर Game Mode काढून Standard किंवा Cinema लावा आणि पुन्हा मोजा. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग मुद्दाम सुरू केली तर चित्र आणखी काही फ्रेम्स मागे जातं. काहींना तिचं दिसणं आवडत नाही, मलाही चित्रपटात आवडत नाही, पण बातम्या आणि खेळांसाठी हा उपाय चालतो. कन्सोलसाठी मात्र करू नका. तिथे ओठ जुळतील पण हात आणि पडदा यांच्यात अंतर पडेल आणि ते जास्त त्रासाचं.

आवाज पुढे असेल तर

हे प्रकरण सोपं आहे. ते बहुतेक वेळा तेव्हा उद्भवतं जेव्हा प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स आधी साउंडबारला जोडलेला असतो आणि तिथून चित्र टीव्हीकडे जातं. किंवा बॉक्समधून एक वायर टीव्हीला आणि एक ऑप्टिकल वायर थेट स्पीकरला गेलेली असते. आवाज वाजून मोकळा होतो, टीव्ही मात्र अजून चित्रावर काम करत बसलेला असतो.

इथे ती पट्टी खरोखर कामाची. मोजमापात आवाज 5 फ्रेम्स पुढे निघाला तर ते झाले 83 मिलिसेकंद. साउंडबारवर 80 भरा आणि परत मोजा. पट्टीवर मिलिसेकंद लिहिलेले नसतील, नुसते 1, 2, 3 असे आकडे असतील, तर एक घर म्हणजे किती हे आधी काढा: पाच घरं वाढवा, फ्रेम्स किती बदलल्या बघा आणि भागाकार करा. टीव्हीच्या पट्टीवर प्रयोग करत बसू नका. आवाज टीव्हीतून जातच नसेल तर ती फिरवून काहीही होणार नाही आणि आपण उगाच बुचकळ्यात पडतो.

एचडीएमआयमध्ये 2006 सालच्या 1.3 आवृत्तीपासून याची आपोआप जुळणी करण्याची सोय आहे. टीव्ही आपल्या चित्राला किती उशीर लागतो तो आकडा साउंडबारला किंवा रिसीव्हरला कळवतो आणि तो तेवढा आवाज अडवतो. मेन्यूत ती Auto Lip Sync म्हणून दिसते. ती सुरू असताना हातानेही आकडा भरला तर दोन्ही मिळून आवाज फार मागे जातो. म्हणून आधी ती सुरू ठेवून हाताचा आकडा शून्य करून मोजा. ठीक असेल तर तसंच राहू द्या. नसेल तर ती बंद करून हाताने भरा. दोन्ही एकत्र नकोत.

ब्लूटूथची गोष्ट वेगळी

ब्लूटूथवर आवाज मागे पडतोच. टीव्ही आवाज दाबून लहान करतो, छोट्या तुकड्यांत पाठवतो आणि एखादा तुकडा हवेत हरवला तर पुन्हा पाठवायला वेळ असावा म्हणून स्पीकर थोडा साठा जमवून मगच वाजवायला लागतो. नेहमीच्या एसबीसी पद्धतीने हे सगळं मिळून बरेचदा 150 ते 250 मिलिसेकंदांच्या घरात जातं. टीव्हीच्या आणि स्पीकरच्या सेटिंग्जमध्ये कितीही शोधलंत तरी हा साठा कमी करण्याचं बटण सहसा नसतं.

काही ॲप्स ब्लूटूथ जोडलेलं आहे हे ओळखून चित्रच तेवढं थांबवतात. म्हणूनच एकाच टीव्हीवर एका ॲपमध्ये मेळ बसलेला दिसतो आणि सेट-टॉप बॉक्सच्या चित्राला बसत नाही. ॲपल टीव्हीत Wireless Audio Sync नावाची सोय आहे. आयफोन स्पीकरचे सूर ऐकून उशीर मोजतो आणि जुळवणी होते. संगणक टीव्हीला जोडून VLC वर चित्रपट बघत असाल तर J दाबल्यावर आवाज 50 मिलिसेकंद अलीकडे येतो आणि K दाबल्यावर तेवढाच मागे जातो. इथे आवाज अलीकडे येऊ शकतो, कारण संपूर्ण फाइल VLC च्या हातात असते आणि पुढचा आवाज त्याला आधीच वाचता येतो. थेट प्रक्षेपणाला ही मुभा नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: जो स्पीकर रोज टीव्हीसाठी वापरायचा, तो वायरीने जोडा. बऱ्याच ब्लूटूथ स्पीकरांना मागे हेडफोनच्या जाडीचं AUX छिद्र असतं. टीव्हीलाही हेडफोनचं छिद्र असेल तर एका साध्या वायरीने 200 मिलिसेकंदांचा प्रश्न मिटतो. टीव्हीला फक्त ऑप्टिकल असेल तर ऑप्टिकलवरून साधा आवाज काढून देणारा छोटा डबा मिळतो. तो लावताना टीव्हीचं सेटिंग PCM वर ठेवायला विसरू नका, कारण यातले बरेच डबे डॉल्बीचे गठ्ठे सोडू शकत नाहीत आणि मग आवाजच येत नाही किंवा नुसती खरखर येते.

फोनशिवाय जुळवायचं असेल तर

काही टीव्ही आपले स्पीकर आणि बाहेरचे स्पीकर एकाच वेळी वाजवू देतात. तसा पर्याय असेल तर एक जुनी युक्ती आहे. दोन्ही सुरू करा आणि कुणी बोलत असलेला प्रसंग लावा. वेळेत फरक असेल तर मोकळ्या सभागृहात बोलल्यासारखा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. टीव्हीचा स्वतःचा आवाज चित्राशी जुळलेला आहे हे आपण पहिल्या पायरीत पाहिलंच आहे, तेव्हा तो प्रमाण मानायचा आणि साउंडबारची सेटिंग बदलत जाऊन दुहेरी शब्द एकेरी करायचा. साधारण 30-40 मिलिसेकंदांच्या आतला फरक कान एकच आवाज म्हणून ऐकतो, म्हणजे शब्द एकेरी झाला की काम पुरेसं झालं. मात्र आवाज अडवणारी टीव्हीची पट्टी काही संचांत दोन्ही स्पीकरांना लागू होते. तिथे ती फिरवून दुहेरीपणा बदलणार नाही, साउंडबारची पट्टी वापरा.

शेवटी जमलेले आकडे एका चिठ्ठीवर लिहून साउंडबारच्या खालच्या बाजूला चिकटवा: कुठल्या पोर्टला कुठला चित्र-मोड, आवाजाचं स्वरूप कुठलं आणि पट्टीवर किती. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर स्वरूपाचं सेटिंग PCM वरून पुन्हा Auto वर गेलेलं मी दोनदा पाहिलं आहे. दुसऱ्या वेळी चिठ्ठी होती, अर्ध्या मिनिटात काम झालं.